अकाउंट्स मॅनेजरचं शिफारसपत्र: मराठी मसुद्यापासून इंग्रजी प्रतीपर्यंत

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत ओतकामाचा एक मध्यम कारखाना आहे. तिथल्या अकाउंट्स मॅनेजर मॅडम नऊ वर्षांनी नोकरी सोडून दुबईला निघाल्या. तिकडच्या कंपनीने त्यांच्याकडे दोन कागद मागितले: अनुभवाचा दाखला आणि मालकांचं शिफारसपत्र. दाखला अर्ध्या तासात निघाला, कारण त्यात ठरलेल्या चार ओळी असतात. कधी लागल्या, कधी सुटल्या, हुद्दा काय, वर्तणूक समाधानकारक. शिफारसपत्राला मात्र चार दिवस लागले. मालक मराठीत विचार करतात आणि मराठीतच लिहितात, त्यामुळे आधी त्यांचा मराठी मसुदा आणि मग त्यावरून इंग्रजी प्रत, असं काम आमच्या टेबलावर आलं.

मसुदा असा होता:

‘मॅडम आमच्याकडे गेली नऊ वर्षे आहेत. त्या अत्यंत प्रामाणिक, मेहनती व मनमिळाऊ असून त्यांनी कंपनीला आपलं घर समजून काम केलं. पै न् पैचा हिशेब चोख ठेवला. मार्च एंडला रात्रीचा दिवस केला. वसुलीत त्यांचा हात कोणी धरणार नाही. कधी कोणाला उलटून बोलल्या नाहीत. घरच्या कारणाने त्या नोकरी सोडत आहेत. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’

हेच पत्र शिरोलीतल्या दुसऱ्या कारखानदाराच्या हातात पडलं असतं, तर एवढ्यावर काम झालं असतं. तो मालकांना ओळखतो. हा माणूस कोणालाही ‘प्रामाणिक’ म्हणत नाही हे त्याला ठाऊक असतं. दुबईतल्या फायनान्स प्रमुखाला ती ओळख नाही. त्याच्यासमोर शब्दाला शब्द ठेवून ‘शी इज अ व्हेरी ऑनेस्ट, हार्डवर्किंग अँड को-ऑपरेटिव्ह लेडी’ असं वाक्य गेलं, तर बाई अकाउंट्स सांभाळत होत्या की रिसेप्शन, हेही त्याला कळणार नाही. शिवाय अकाउंट्सच्या माणसाबद्दल नुसतं ‘ऑनेस्ट’ लिहिलं की वाचणारा थबकतो. ते मुद्दाम का सांगावं लागलं, असा प्रश्न त्याच्या मनात येतो.

म्हणून इंग्रजीला हात न लावता आधी मराठी मसुदाच पुन्हा लिहायचा ठरवला. पद्धत साधी होती. प्रत्येक विशेषणाखाली रेघ ओढायची आणि मालकांना विचारायचं, ‘कशावरून?’

पहिली रेघ ‘प्रामाणिक’खाली. उत्तर तयारच होतं: ‘अहो, सह्या केलेले कोरे चेक त्यांच्याकडे ठेवून मी पंधरा-पंधरा दिवस बाहेरगावी जायचो. एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही.’ मराठीत याहून मोठा दाखला नाही. इंग्रजीत हेच वाक्य पत्राचा घात करतं. फायनान्सच्या माणसाला त्यात विश्वास दिसत नाही. जिथे कोऱ्या चेकवर सही होते तिथली अंतर्गत नियंत्रणं कच्ची, आणि ती कच्ची राहू देणारी मॅनेजरही तशीच, असं तो वाचतो. मग थोडं खोदलं. कोरे चेक ही 2019 च्या आधीची गोष्ट निघाली, आणि मॅनेजर झाल्यावर ती पद्धत मॅडमनीच बंद केली होती. त्यांनी बँकेत नेट बँकिंगला मंजुरीच्या दोन पातळ्या लावून घेतल्या: अकाउंटंटने पेमेंट भरायचं, त्यांनी बिल आणि माल आल्याची नोंद ताडून बघायची, आणि शेवटची मंजुरी मालकांनी मोबाइलवरून द्यायची. म्हणजे एकट्याच्या हातून पैसा बाहेर जाण्याचा रस्ताच त्यांनी बुजवला, स्वतःसाठीसुद्धा. मालकांना ही गोष्ट किरकोळ वाटत होती. पत्रात तीच सगळ्यात वजनदार ठरली, आणि ‘प्रामाणिक’ हा शब्द न वापरता प्रामाणिकपणा तिथे आला.

दुसरी रेघ ‘वसुलीत हात कोणी धरणार नाही’ या वाक्याखाली. इथे आकडा हवा होता, आणि आकडा काढताना चूक होता होता राहिली, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

ओतकामाच्या धंद्यात येणी अडकतात ती बहुतेक वेळा ग्राहकाकडे पैसे नाहीत म्हणून नाही. ग्राहक शंभर कास्टिंग घेतो, त्यातली सहा तपासणीत नापास करतो आणि तेवढ्या रकमेची डेबिट नोट पाठवतो. ती नोट आपल्याकडे दर्जा विभागाच्या टेबलावर पडून राहते, अकाउंट्सपर्यंत येतच नाही. आपल्या वहीत पूर्ण बिल येणे, त्याच्या वहीत कमी. तो त्याच्या हिशेबाने पैसे पाठवतो, आपल्याकडे प्रत्येक बिलाची शेपटी लोंबत राहते. सेल्सवाला फोन करून थकतो आणि पलीकडून उत्तर येतं, ‘आधी तुमचा हिशेब जुळवा.’ मॅडमनी केलं ते एवढंच: दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या अकरा ग्राहकांकडून त्यांचा खातेउतारा मागवायचा, ओळीला ओळ जुळवायची, नापास माल खरंच परत आला का हे गेटच्या नोंदीवरून बघायचं आणि क्रेडिट नोट त्याच महिन्यात काढून मोकळं व्हायचं. वसुलीचे फोन त्यानंतर.

परिणाम टॅलीतल्या येण्यांच्या वयवार अहवालात दिसायला हवा होता. मार्च 2019 अखेरचा अहवाल काढला तर एकूण येण्यांपैकी 90 दिवसांवरची 38 टक्के दिसली. मार्च 2025 अखेर 9 टक्के. पत्रात घालायला झकास आकडा! पण 38 संशयास्पद होता. उघडून पाहिलं तर त्या काळी आलेल्या पुष्कळशा रकमा On Account म्हणून टाकलेल्या होत्या. अशी रक्कम कुठल्याच बिलासमोर वजा पडत नाही. खात्याची एकूण शिल्लक बरोबर दिसते, पण जुनं बिल उघडंच राहतं आणि त्याचं वय वाढत जातं. त्या रकमा Agst Ref करून ज्या त्या बिलाला लावल्यावर खरा आकडा 31 निघाला. पत्रात 31 गेला. चुकून 38 गेला असता तर कोणी तो तपासायला कोल्हापुरात आलं नसतं हे खरं, पण मुलाखतीत ‘हे कसं केलं’ असं विचारल्यावर मॅडमना दोन वेगळ्या आकड्यांमध्ये अडकावं लागलं असतं.

रुपयांतला आकडा मात्र मुद्दाम टाळला. येण्यांची रक्कम लिहिली की तिच्यावरून उलाढालीचा अंदाज बांधता येतो, आणि शिफारसपत्र कोणाकोणाच्या हातून फिरेल याचा नेम नसतो. ग्राहकांची नावं, नफ्याचं प्रमाण, बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा याही गोष्टी त्याच कारणाने बाहेर ठेवल्या. टक्केवारी आणि दिवस यांत काम दिसतं, तिजोरी दिसत नाही.

‘मार्च एंडला रात्रीचा दिवस केला’ या वाक्याबद्दल मालकांशी थोडा वाद झाला. त्यांच्या मते हे मोठं कौतुक. आमचं म्हणणं असं, की रात्री जागून वर्षअखेर उरकावी लागली तर महिन्याचं काम महिन्याला होत नव्हतं असा अर्थ निघतो. वस्तुस्थिती उलटीच होती. पूर्वी महिन्याचा ताळा पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात लागायचा. म्हणजे 20 तारखेला जीएसटीचं 3B विवरणपत्र भरायची वेळ आली तरी आकडे हलतच असायचे. आता सहा कामाच्या दिवसांत बँकेचा ताळमेळ, तरतुदी, घसारा धरून महिना बंद होतो. रात्री जागल्या त्या सुरुवातीच्या दोन वर्षांत, आणि ते जागरण बंद व्हावं म्हणूनच ही शिस्त लावली गेली. मालकांनी शेवटी हसून ती ओळ खोडली.

‘कधी कोणाला उलटून बोलल्या नाहीत’ ही ओळ तर खोटीच होती, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर बरं की ती खोटी होती. 2 एप्रिलला गेटबाहेर गेलेला माल 31 मार्चच्या तारखेने बिलात धरावा असा आग्रह एका वर्षी सेल्सकडून झाला होता. मॅडमनी गेट पास दाखवून नाही म्हटलं, आणि ऑडिटरना पुढे काही सांगायची वेळच आली नाही. अकाउंट्स मॅनेजरने नेमकं इथेच उलटून बोलायचं असतं. पण हा प्रसंग पत्रात घातला तर तो कारखान्याचीच झाकली मूठ उघडतो. म्हणून प्रसंग वगळून त्यातला गुण ठेवला: ‘नियमात बसत नसलेली गोष्ट त्या वेळेवर आणि स्पष्टपणे सांगतात, आणि सोबत दुसरा मार्गही सुचवतात.’ दुसरा अर्धा भाग मालकांनी स्वतः जोडला. त्याने वाक्याला जरा मऊपणा आला.

‘घर समजून काम केलं’ याचं काहीच होत नाही. इंग्रजीत ‘लाइक अ फॅमिली मेंबर’ लिहिलं तर बाई नात्यातल्या आहेत की काय अशी शंका येते, आणि नात्यातल्या माणसाच्या शिफारशीला किंमत नसते. ओळ गेली.

मराठी मसुदा दुसऱ्यांदा लिहून झाला तेव्हा तो साधारण पन्नास शब्दांवरून सव्वादोनशेवर गेला होता, आणि विशेषणं जवळपास सगळी गळाली होती. मग इंग्रजी.

सगळ्यात आधी हुद्दा. आपल्याकडे तोंडी ‘अकाउंट मॅनेजर’ आणि ‘अकाउंट्स मॅनेजर’ एकच. इंग्रजीत एका ‘स’ने नोकरी बदलते. अकाउंट मॅनेजर म्हणजे कंपनीचे ठरावीक ग्राहक सांभाळणारा विक्री विभागातला माणूस. हिशेबाचा तो अकाउंट्स मॅनेजर. जुन्या बढतीच्या पत्रावर नेमका तो ‘स’ नव्हता, आणि तेच पाहून दाखल्यावरही तीच चूक झाली होती. दोन कागदांवर दोन हुद्दे गेले तर पडताळणी करणारी एजन्सी हमखास अडवते, म्हणून दाखला बदलून घेतला.

मग तारखा. ‘गेली नऊ वर्षे आहेत’ याचं आपल्याकडचं नेहमीचं इंग्रजी ‘शी इज वर्किंग विथ अस सिन्स नाइन इयर्स’. ते बाहेर खटकतं. ‘सिन्स’नंतर कधीपासून ते येतं, किती काळ ते नाही. पण व्याकरणापेक्षा मोठी अडचण अशी, की पत्र वाचलं जाईल तेव्हा त्या इथे नसतील. म्हणून सरळ भूतकाळ घेतला आणि पत्रावर शेवटच्या दिवसाची तारीख टाकली: जून 2016 ते जून 2025, त्यातली पहिली जवळपास तीन वर्षं अकाउंटंट, एप्रिल 2019 पासून अकाउंट्स मॅनेजर. महिना अक्षरी लिहिला, कारण 05/06 ही तारीख कोणी 5 जून वाचतं, कोणी 6 मे.

या तारखांमुळे आणखी एक गोष्ट सुधारली. मसुद्यात ‘जीएसटीचं सगळं काम मॅनेजर म्हणून त्यांनीच बसवलं’ असं आलं होतं. जीएसटी 1 जुलै 2017 ला लागू झाला, तेव्हा त्या अकाउंटंट होत्या. काम त्यांनी केलं होतं, पण त्या हुद्द्यावर. वाक्य अकाउंटंटच्या काळात सरकवलं. योगायोगाने तिकडच्या वाचकाला ते लगेच समजण्यासारखं आहे, कारण अमिरातींमध्ये 5 टक्के व्हॅट 1 जानेवारी 2018 ला आला. कोऱ्या पाटीवर नवा कर बसवणं म्हणजे काय, हे त्यांनीही तेव्हाच पाहिलं. ‘3B’, ‘2B’ असे फॉर्मचे आकडे मात्र काढून टाकले. त्यांच्या जागी ‘मासिक अप्रत्यक्ष कराची विवरणपत्रं’ आणि ‘पुरवठादारांनी विवरणपत्रात दाखवलेल्या बिलांशी खरेदीवरच्या कराच्या वजावटीचा ताळमेळ’ असं काम सांगितलं.

‘ते’ आणि ‘त्या’ हा आदरार्थी बहुवचनाचा घोळ भाषांतरात नेहमी होतो. मराठीत ‘त्यांनी’ म्हटलं की एक मॅडमही असू शकते आणि अख्खा विभागही. ‘त्यांनी ताळमेळ केला’ याचं पहिल्या कच्च्या प्रतीत ‘दे रिकन्साइल्ड’ झालं, आणि एका बाईचं काम चार जणांत वाटलं गेलं. उलट ‘त्यांनी महिना सहा दिवसांवर आणला’ हे खरोखर सगळ्या टीमचं काम होतं. तिथे ‘शी लेड अ टीम ऑफ फोर’ असं लिहून मग आकडा दिला. ‘त्यांनी’ आलं की थांबून विचारायचं, कोणी?

काही शब्द इकडच्या इंग्रजीतले आहेत आणि ते आपल्या कानाला अगदी शुद्ध वाटतात. ‘पार्टी’ म्हणजे ग्राहक किंवा पुरवठादार. तिकडे पार्टी म्हणजे मेजवानी, नाहीतर करारातली बाजू. ‘फायनलायझेशन ऑफ अकाउंट्स’ऐवजी ‘इयर-एंड क्लोज’ लिहिलं. ‘मार्च एंड’ला तिकडे अर्थ नाही, कारण पुष्कळ कंपन्यांचं वर्ष डिसेंबरला संपतं, म्हणून ‘आर्थिक वर्ष, 31 मार्च अखेर’ असं स्पष्ट केलं. लाख-कोटी कुठेच आले नाहीत, कारण रकमाच नव्हत्या. त्या द्याव्याच लागल्या तर 1 कोटीचे 10 मिलियन करायचे आणि स्वल्पविरामही तीन-तीन आकड्यांवर टाकायचे. शब्द बदलून स्वल्पविराम जुनेच ठेवले की वाचणारा शून्य मोजत बसतो. टक्केवारीतही एक खड्डा आहे. 31 वरून 9 वर आलं म्हणजे ‘22 टक्क्यांनी कमी’ नव्हे. तो फरक 22 टक्केबिंदूंचा आहे आणि घट काढली तर सुमारे 71 टक्क्यांची. आम्ही फरक सांगायच्या भानगडीत पडलो नाही. आधी किती आणि नंतर किती, एवढंच दिलं.

मधला परिच्छेद शेवटी असा उतरला: ‘ॲज अकाउंट्स मॅनेजर, शी लेड अ टीम ऑफ फोर अँड कट अवर मंथ-एंड क्लोज फ्रॉम थ्री वीक्स टू सिक्स वर्किंग डेज. रिसीव्हेबल्स ओव्हर नाइन्टी डेज फेल फ्रॉम थर्टी-वन पर्सेंट ऑफ द टोटल टू नाइन, लार्जली बिकॉज शी रिकन्साइल्ड अवर मेन कस्टमर अकाउंट्स एव्हरी मंथ बिफोर चेसिंग पेमेंट. शी ऑल्सो रिप्लेस्ड अवर ओल्ड चेक प्रोसेस विथ टू-स्टेप ऑनलाइन अप्रूव्हल.’

कोऱ्या चेकचा उल्लेख ‘ओल्ड चेक प्रोसेस’ एवढ्यातच मिटला. ‘लार्जली बिकॉज’ जाणून ठेवलं. त्याच काळात एक सतत पैसे थकवणारा ग्राहक कारखान्याने सोडून दिला होता, त्याचाही थोडा वाटा होता. सगळं श्रेय एकाच गोष्टीला देणं खरं झालं नसतं.

सोडण्याचं कारण मसुद्यात ‘घरच्या कारणाने’ असं होतं. इंग्रजीत ‘ड्यू टू फॅमिली प्रॉब्लेम्स’ झालं की काहीतरी बिनसलंय असा वास येतो. मॅडमना विचारून ‘शी लेफ्ट ॲट हर ओन रिक्वेस्ट टू रिलोकेट टू द युनायटेड अरब एमिरेट्स’ लिहिलं. मुद्दा ‘ॲट हर ओन रिक्वेस्ट’ हा आहे. काढलं नाही, हे त्यातून कळतं.

‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’चं इंग्रजी म्हणजे ‘ऑल सक्सेस इन फ्युचर एंडेव्हर्स’. हे वाक्य नावडत्या माणसालाही दिलं जातं, म्हणून शेवट त्यावर ठेवला नाही. मालकांना विचारलं, ‘उद्या परत आल्या तर घ्याल?’ ते म्हणाले, ‘डोळे झाकून.’ डोळे झाकलेला मालक इंग्रजीत बेफिकीर दिसतो. तिथे ‘आय वुड हायर हर अगेन विदाउट हेजिटेशन’ असं झालं. कर्ता ‘आय’च हवा. ‘वी’ लिहिलं की बोलणारी कंपनी होते, आणि मग पडताळणीचा फोन एचआरकडे जातो. आम्हाला तो मालकांकडेच जायला हवा होता.

इंग्रजी प्रत झाल्यावर मूळ मसुदा बाजूला ठेवून ती मालकांना वाक्यागणिक मराठीत सांगितली. या फेरीत दोन गोष्टी सापडल्या. एका वाक्यात मॅडम ‘ऑडिट करत होत्या’ असं उलटून आलं. खरं तर त्या बाहेरच्या ऑडिटरना कागद पुरवत होत्या. आणि ‘टीम ऑफ फोर’मध्ये त्या स्वतः धरल्या की वगळल्या, हे मालकांनाही सांगता येईना. हजेरीपट पाहिला; हाताखाली चार, म्हणजे त्या धरून पाच. वाक्य ‘लेड अ टीम ऑफ फोर’ असंच राहिलं, ते त्या अर्थाने बरोबर होतं.

पत्र एका पानात बसवलं, लेटरहेडवर छापलं, मालकांची सही, खाली त्यांचा हुद्दा, थेट फोन आणि कंपनीच्या डोमेनचा ई-मेल. त्या जागी मालकांचा रोजचा जीमेलचा पत्ता आधी पडला होता; पडताळणीत असा पत्ता बहुधा मोजत नाहीत. मायना ‘टू हूम इट मे कन्सर्न’ ठेवला, ‘हूमसोएव्हर’ नाही. स्कॅन केलेली पीडीएफ मॅडमना दिली आणि मराठी प्रत मालकांच्या टेबलाच्या काचेखाली सरकवली, तीन आकड्यांखाली रेघा मारून. नऊ दिवसांनी दुबईहून फोन आला. बोलणारा केरळचा होता, संभाषण हिंदीत झालं, आणि पहिलाच प्रश्न चेकच्या जागी नेमकी कोणती पद्धत आली, हा होता.